क्लोरीन आधी, नायट्रो मागून

तापावर आपण जी पॅरासिटामॉलची गोळी घेतो तिच्या रेणूच्या मध्यभागी सहा कार्बन अणूंचं एक वलय असतं. हे बेन्झीनचं वलय. त्याच्या एका कार्बनवर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला हायड्रोजन, बसलेला असतो आणि थेट समोरच्या कार्बनवर नायट्रोजन असलेला गट. हे दोघे एकमेकांसमोर असल्यामुळेच तो रेणू पॅरासिटामॉल ठरतो. नायट्रोजनचा गट एक जागा अलीकडे सरकवला तर अणू तेवढेच राहतात, वजनही तेवढंच राहतं, पण पदार्थ वेगळा होतो.

मग कारखान्यात हे दोन गट नेमके समोरासमोर येतात कसे? टनांच्या हिशेबाने चालणाऱ्या पात्रात एकेका रेणूला धरून गट बसवण्याचं कोणतंही साधन नाही. तिथे हातात असतो तो फक्त क्रम: आधी कोणता गट लावायचा आणि नंतर कोणता. कारण वलयावर आधीपासून बसलेला गट पुढच्याची जागा ठरवतो. बेन्झीनच्या रसायनातली ही गोष्ट विद्यार्थी बहुधा एका यादीसारखी पाठ करतात, आणि ती पाठ करण्यासारखी नाहीच असं मला मनापासून वाटतं. ती बोट ठेवून मोजता येते.

आधी जागांची नावं पाहू. वलयातल्या कार्बनना १ ते ६ क्रमांक देऊ आणि पहिला गट १ वर आहे असं धरू. त्याच्या लगतच्या २ आणि ६ या जागा ऑर्थो, एक सोडून पुढच्या ३ आणि ५ या मेटा, आणि समोरची ४ ही पॅरा. ऑर्थो दोन, मेटा दोन, पॅरा एकच. केवळ योगायोगावर सोडलं असतं तर पॅरा पदार्थ पाचात एक मिळाला असता.

आता दोन प्रयोग शेजारी ठेवू. पहिल्यात बेन्झीनला आधी क्लोरीन जोडलं आणि मग नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाने त्यावर नायट्रो गट चढवला. हाती येतं ते असं: सुमारे दोन तृतीयांश पॅरा, उरलेलं जवळजवळ सगळं ऑर्थो, आणि मेटा जेमतेम एखादा टक्का. दुसऱ्यात क्रम उलटा केला. आधी नायट्रो, मग क्लोरीन. या वेळी मिळतो तो मुख्यतः मेटा. वलय तेच, गट तेच, पण पदार्थ निराळा.

याचं कारण पदार्थात किंवा सुरुवातीच्या रेणूत शोधलं तर सापडत नाही. ते या दोघांच्या मधल्या एका अल्पजीवी अवस्थेत आहे. दोन आम्लं एकत्र आली की नायट्रिक आम्लापासून नायट्रोनियम हा धनभारित आयन तयार होतो. बेन्झीनच्या वलयावर इलेक्ट्रॉनांचा पसारा असतो, त्यामुळे हा आयन तिकडे ओढला जातो. तो एका कार्बनवर बसतो, पण त्या कार्बनवरचा हायड्रोजन अजून निघालेला नसतो. या क्षणी वलयाने आपले दोन इलेक्ट्रॉन नव्या बंधासाठी देऊन टाकलेले असतात आणि त्याच्यावर एक धनभार आलेला असतो. पुढे हायड्रोजन निघून जातो आणि वलय पूर्ववत होतं. सगळा निर्णय होतो तो या मधल्या, धनभार सोसणाऱ्या वलयात.

तो धनभार एका जागी राहत नाही, पण सगळीकडेही पसरत नाही. पाहुणा ज्या कार्बनवर बसला, त्या कार्बनपासून ऑर्थो आणि पॅरा असलेल्या तीन जागांवरच तो वाटला जातो. एवढा एक नियम पुरेसा आहे. पाहुणा ४ वर बसला तर भार ३, ५ आणि १ वर येतो. २ वर बसला तर १, ३ आणि ५ वर. आणि ३ वर बसला तर २, ४ आणि ६ वर. आता १ कडे पाहा, कारण आपला जुना गट तिथे आहे. पाहुणा पॅराला किंवा ऑर्थोला आला तर धनभाराचा वाटा जुन्या गटाच्या थेट पायथ्याशी येतो. तो मेटाला आला तर त्या कार्बनवर भार कधीच येत नाही.

आता प्रश्न एवढाच उरतो की जुना गट आपल्या पायथ्याशी आलेल्या धनभाराचं काय करतो.

क्लोरीनच्या अणूवर कोणत्याही बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. शेजारच्या कार्बनवर धनभार आला की तो त्यातली एक जोडी पुढे करतो आणि भार काही प्रमाणात स्वतःवर घेतो. म्हणून ऑर्थो आणि पॅरा या वाटांवर क्लोरीनची मदत मिळते, मेटावर मिळत नाही. नायट्रो गटाचं नेमकं उलट आहे. त्याच्या नायट्रोजनवर आधीच धनभार असतो, तोही थेट वलयाला जोडलेल्या अणूवर. पायथ्याच्या कार्बनवर आणखी एक धनभार आला तर दोन समान भार शेजारी-शेजारी येतात. ही स्थिती कोणत्याही रेणूला परवडणारी नाही, त्यामुळे ऑर्थो आणि पॅरा हे दोन्ही मार्ग अवघड होतात आणि मेटा तेवढा उरतो. मेटाला नायट्रो मदत करतो म्हणून पाहुणा तिथे जात नाही. तिथे नुकसान सगळ्यात कमी होतं म्हणून जातो.

इथे विद्यार्थ्यांची एक गल्लत हमखास होते. पाहुणा कुठे जाईल आणि तो किती वेगाने जाईल हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सह्याद्री ओलांडायला तीन घाट आहेत असं समजा. प्रत्येकाची खिंड वेगळ्या उंचीवर. कुठल्या घाटाने जास्त लोक उतरतील हे खिंडींच्या एकमेकींशी असलेल्या उंचीवर ठरतं, पण एकूण किती लोक पलीकडे पोचतील हे सगळ्याच खिंडी किती उंच आहेत त्यावर. टोल्युइनमधला मिथिल गट वलयाकडे इलेक्ट्रॉन सरकवतो आणि तिन्ही खिंडी खाली आणतो, ऑर्थो-पॅराच्या जास्त. म्हणून टोल्युइनवर नायट्रो गट बेन्झीनच्या सुमारे २५ पट वेगाने बसतो. हायड्रॉक्सिल गट असलेलं फिनॉल तर हजारपटीच्या घरात जातं. हे वलयाला क्रियाशील करणारे गट. नायट्रो गट तिन्ही खिंडी उंच करतो, मेटाची त्यातल्या त्यात कमी. नायट्रोबेन्झीनवर दुसरा नायट्रो गट बसण्याचा वेग बेन्झीनच्या एक कोटीव्या हिश्शाहूनही कमी असतो. त्यासाठी अधिक तीव्र आम्ल आणि अधिक उष्णता लागते, आणि तरी जे मिळतं त्यात ९० टक्क्यांहून अधिक मेटा असतं.

क्लोरीनची गंमत अशी की तो दोन्हींकडून थोडं थोडं घेतो. तो इलेक्ट्रॉनांचा लोभी अणू आहे. बंधातून तो वलयाचे इलेक्ट्रॉन सतत आपल्याकडे ओढत असतो, त्यामुळे तिन्ही खिंडी उंचावतात आणि क्लोरोबेन्झीन बेन्झीनपेक्षा सुमारे ३० पट मंद चालतं. पण धनभार पायथ्याशी आला की तो आपली जोडी पुढे करतोच, म्हणून ऑर्थो आणि पॅराच्या खिंडी मेटाइतक्या उंच होत नाहीत. वलय मंदावणारा, तरी ऑर्थो-पॅराकडे बोट दाखवणारा. फ्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीनही याच पंगतीतले. ओढीचा आणि मदतीचा हिशेब वेगळा मांडला की हा अपवाद वाटेनासा होतो.

एवढं कळल्यावर एखाद्या नव्या गटाबद्दल अंदाज बांधायला फार काही लागत नाही. वलयाला थेट जोडलेला अणू पाहायचा. त्याच्यावर मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी असेल तर ऑर्थो-पॅरा. तो साध्या हायड्रोकार्बन साखळीचा कार्बन असेल तरीही ऑर्थो-पॅरा. त्याच्यावर धनभार असेल, किंवा तो ऑक्सिजनशी वा नायट्रोजनशी दुहेरी-तिहेरी बंधाने जोडलेला असेल, तर मेटा.

इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या आधीच रसायनज्ञांनी असा नियम बांधायचा प्रयत्न केला होता, हे मला विलक्षण वाटतं. एडिंबरोतले अलेक्झांडर क्रम ब्राउन आणि जॉन गिब्सन यांनी १८९२ साली सांगितलं की वलयावरच्या गटाला हायड्रोजन जोडून होणारा पदार्थ घ्या. त्याच्यात एका पायरीत थेट एक ऑक्सिजन भरता येत असेल तर गट मेटा दाखवणारा, नाहीतर ऑर्थो-पॅरा. नायट्रोला हायड्रोजन जोडला की नायट्रस आम्ल मिळतं, त्याचं थेट नायट्रिक आम्ल होतं, म्हणून मेटा. क्लोरीनला जोडला की हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याचं हायपोक्लोरस आम्ल असं थेट होत नाही, म्हणून ऑर्थो-पॅरा. कारण माहीत नसताना नियम बऱ्याच वेळा बरोबर यायचा. इलेक्ट्रॉनांच्या भाषेतलं स्पष्टीकरण १९२० च्या दशकात रॉबर्ट रॉबिन्सन आणि ख्रिस्तोफर इंगोल्ड यांच्या कामातून उभं राहिलं.

आणि मुळात हातातला पदार्थ ऑर्थो आहे की पॅरा, हे त्या काळी कसं ओळखत? १८७४ साली विल्हेल्म कर्नरने दाखवलेली रीत फक्त मोजणीची आहे. दोन ब्रोमीन असलेलं बेन्झीन घ्या आणि त्यावर तिसरा गट बसवून किती वेगळे पदार्थ मिळतात ते मोजा. ब्रोमीन पॅराला असतील तर उरलेल्या चारही जागा सारख्या, म्हणून एकच पदार्थ. ऑर्थोला असतील तर दोन. मेटाला असतील तर तीन. कागदावर षटकोन काढून कुणालाही हे पडताळता येईल.

आता आपल्या गोळीकडे वळू. बेन्झीनमध्ये लोहाच्या क्लोराइडच्या संगतीत क्लोरीन वायू सोडला की क्लोरोबेन्झीन होतं. एक क्लोरीन बसल्यावर वलय मंदावतं, त्यामुळे काम बरंचसं तिथे थांबवता येतं. तरी थोडा दुसरा क्लोरीनही चढतो, आणि तोही अर्थात ऑर्थो-पॅराला. त्यातलं पॅरा-डायक्लोरोबेन्झीन आपण डांबरगोळ्यांच्या एका प्रकारात वापरतो. मग क्लोरोबेन्झीनमध्ये आम्लांचं मिश्रण हळूहळू सोडतात. या क्रियेत भरपूर उष्णता निघते, म्हणून थंड करणं सतत चालू ठेवावं लागतं. तापमान सुटलं तर दुसरा नायट्रो गट बसू लागतो. तो कुठे बसेल हे आता आपल्याला सांगता येईल: ४ वरचा नायट्रो मेटा दाखवतो म्हणजे २ किंवा ६, आणि १ वरचा क्लोरीन ऑर्थो दाखवतो म्हणजेही २ किंवा ६. दोघांचं बोट एकाच जागेकडे. तयार होणारं डायनायट्रोक्लोरोबेन्झीन त्वचेवर तीव्र ॲलर्जी आणणारं म्हणून कुप्रसिद्ध आहे. दोन गटांची मतं जुळत नाहीत तेव्हा साधारणपणे वलयाला अधिक क्रियाशील करणाऱ्याचं चालतं.

पात्रातून बाहेर येतं ते पॅरा आणि ऑर्थोचं मिश्रण. नियम आपल्याला मेटा टाळून देतो, ऑर्थो टाळून देत नाही. खरं तर ऑर्थोच्या जागा दोन आणि पॅराची एक, म्हणून ऑर्थो दुप्पट मिळायला हवं होतं. पण क्लोरीनची ओढ लगतच्या जागांना जास्त जाणवते आणि त्याचा आकारही आड येतो, म्हणून पारडं पॅराकडे झुकतं. आकाराचा हा परिणाम टोल्युइनशी तुलना केली की स्पष्ट होतो. लहानसा मिथिल गट असताना सुमारे ६० टक्के ऑर्थो मिळतं. त्याच्या जागी चार कार्बनचा गुबगुबीत टर्शरी-ब्युटिल गट असला की ऑर्थो १५ टक्क्यांच्या आसपास घसरतं आणि पॅरा पाऊण हिश्शाच्या जवळ जातं.

हे दोन भाऊ वेगळे करणं हे कारखान्यातलं मोठं काम. त्यांचे उत्कलनबिंदू जवळजवळ आहेत, दोन्ही २४० अंश सेल्सिअसच्या वर आणि एकमेकांपासून जेमतेम तीन-चार अंशांवर, म्हणून नुसत्या ऊर्ध्वपातनाने भागत नाही. वितळण्यात मात्र मोठा फरक आहे. पॅरा ८३ अंशांना वितळतो, ऑर्थो सुमारे ३२ ला. मिश्रण सावकाश थंड केलं की पॅराचे स्फटिक आधी बसतात आणि ऑर्थो द्रवात राहतो. एका हद्दीनंतर मात्र दोघे मिळूनच गोठू लागतात, तेव्हा उरलेला द्रव ऊर्ध्वपातनाकडे पाठवून पुन्हा स्फटिकांकडे आणावा लागतो. स्फटिक शुद्ध आहेत का हे वितळबिंदू सांगतो. ऑर्थोची भेसळ असेल तर ते ८३ च्या बऱ्याच खाली, आणि एका अंशावर न वितळता लांबलचक पल्ल्यात वितळतात. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या वापीत हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. ऑर्थोला रंगद्रव्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक आहे, आणि ते असावंच लागतं, कारण तीन भाग माल काढायचा तर त्यातला एक भाग ऑर्थो निघणारच.

पुढची पायरी मला या साऱ्या मार्गातली सगळ्यात देखणी वाटते. आपल्याला क्लोरीन नकोच होता, त्या जागी हायड्रॉक्सिल हवा होता. नुसत्या क्लोरोबेन्झीनमधून कॉस्टिक सोड्याने क्लोरीन काढायचा तर साडेतीनशे अंशांच्या घरातलं तापमान आणि प्रचंड दाब लागतो. पण पॅराला नायट्रो असला की निम्म्याहून कमी, दीडशे-पावणेदोनशे अंशांत काम होतं. इथे येणारा पाहुणा ऋणभारित आहे. तो १ वर येतो आणि त्याने आणलेला ऋणभार त्याच नियमाने २, ४ आणि ६ वर पसरतो. ४ वर नायट्रो बसलेला आहे, आणि मघाशी धनभाराला नकोसा झालेला हा गट ऋणभार मात्र सहज आपल्या ऑक्सिजनवर घेतो. नायट्रो मेटाला असता तर त्याच्या पायथ्याशी हा भार आलाच नसता आणि क्लोरीन जागचा हलला नसता. म्हणजे क्रम उलटा केला असता तर केवळ चुकीच्या जागी गट बसून भागलं नसतं, पुढची वाटही बंद झाली असती.

मग थेट फिनॉललाच नायट्रो का लावू नये? हायड्रॉक्सिल गट पॅरा दाखवतोच. लावता येतं, पण फिनॉल इतकं क्रियाशील आहे की विरल नायट्रिक आम्लातही ऑर्थो आणि पॅरा दोन्ही होतात, बराच माल जळून डांबरासारखा होतो, आणि आम्ल तीव्र असेल तर तीन-तीन नायट्रो चढून पिक्रिक आम्ल हे स्फोटक तयार होतं. इथे क्लोरीनचा मंदपणाच उपयोगी पडतो.

ॲनिलिनपासून निघालं तर दुसराच फास आहे. वलयावर अमिनो गट, नायट्रोजनवर मोकळी जोडी, म्हणजे आपल्या नियमाने ऑर्थो-पॅरा. पण तीव्र आम्लांच्या मिश्रणात टाकल्यावर निम्म्याच्या जवळपास माल मेटा निघतो. नियम चुकलेला नसतो, गट बदललेला असतो. आम्लातला हायड्रोजन आयन नायट्रोजनच्या मोकळ्या जोडीला चिकटतो, जोडी गुंतते, नायट्रोजनवर धनभार येतो, आणि असा गट मेटाच दाखवणार. म्हणून वलयावर काय बाटलीतून ओतलं यापेक्षा पात्रातल्या परिस्थितीत तिथे खरोखर काय आहे, हे आधी विचारायचं. यावरचा इलाज पदवीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी करतात. ॲनिलिनला आधी ॲसिटिल गट जोडून ॲसिटॲनिलाइड करायचं. आता नायट्रोजनची जोडी थोडी बाजूच्या कार्बोनिलकडे वाटली जाते, त्यामुळे ती आम्लाला सहज सापडत नाही. वलयाला मदत करण्याइतकी मात्र ती शिल्लक असते. नायट्रो मग मुख्यतः पॅराला बसतो, आणि ॲसिटिल गट नंतर काढून टाकता येतो.

आपल्या मार्गात आता नायट्रोचं हायड्रोजनने अमिनो करायचं आणि ॲसेटिक ॲनहायड्राइडने त्या अमिनोवर ॲसिटिल चढवायचा, की पॅरासिटामॉल तयार. मात्र क्लोरीन काढण्याच्या पायरीत थोडासा पॅरा-नायट्रोक्लोरोबेन्झीन न बदलता राहिला, तर तोही पुढच्या दोन्ही पायऱ्यांतून जातो. त्याचाही नायट्रो अमिनो होतो, त्यावरही ॲसिटिल चढतो, आणि हायड्रॉक्सिलच्या जागी क्लोरीन तसाच राहिलेलं पॅरा-क्लोरोॲसिटॲनिलाइड गोळीच्या भुकटीत येतं. युरोपीय औषधकोशाने त्याची हद्द दशलक्षात १० भाग इतकी कडक ठेवली आहे, आणि भुकटीची त्यासाठी स्वतंत्र तपासणी होते.